हॉलिडे क्लबची मेंबरशिप रद्द करताना कारण सांगू नका, तारीख सांभाळा

गुरुवारी रात्री साडेनऊला मामेबहिणीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "दादा, शनिवारी आम्ही एका हॉलिडे क्लबची मेंबरशिप घेतली. आज निवांत बसून कागद वाचले. तिथे जे जे सांगितलं होतं, त्यातलं काहीच यात नाही. दरवर्षी हवं तेव्हा जाता येईल म्हणाले होते, नको असेल तर मेंबरशिप परत विकून देऊ म्हणाले होते. आता त्यांना जाब विचारायला उद्या ऑफिसात जाऊ का?"

मी तिला फसवणुकीबद्दल काहीच विचारलं नाही. दोनच गोष्टी विचारल्या. सही कुठल्या तारखेला केली? आणि करारात 'कूलिंग-ऑफ' किंवा 'कॅन्सलेशन' असं लिहिलेलं कलम कुठे आहे? तिने पानं उलटली. सही ३ तारखेची, शनिवारची. कलम होतं, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. दहा दिवस. फोन आला तेव्हा तारीख होती ८.

म्हणजे अजून वेळ होता. पण ती शुक्रवारी ऑफिसात जाऊन भांडली असती, 'सोमवारी मॅनेजर येतील' हे उत्तर घेऊन परतली असती आणि सोमवारी मॅनेजरची वाट बघत बसली असती, तर मुदत तिच्या डोळ्यांदेखत संपली असती. हे असंच घडताना मी बऱ्याच घरांत पाहिलंय, म्हणून हा लेख.

दोन वेगळे हक्क, आणि त्यांची होणारी गल्लत

अशा करारातून बाहेर पडायचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग माघारीच्या मुदतीचा, म्हणजे कूलिंग-ऑफ पिरियडचा. यात ठरलेल्या दिवसांच्या आत तुम्ही लेखी कळवलं की 'मला हा करार नको', की विषय संपतो. का नको, हे सांगावं लागत नाही. पुरावा द्यावा लागत नाही. विक्रेत्याने खोटं सांगितलं की खरं, हा प्रश्नच येत नाही.

दुसरा मार्ग फसवणुकीचा. खोटी माहिती देऊन किंवा दबाव टाकून सही घेतली, म्हणून करार रद्द करा आणि पैसे द्या, असं म्हणायचं. इथे सगळं सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. कोण काय बोललं, कधी बोललं, कशावरून बोललं. हा मार्ग महिनोन्‌महिने चालतो.

गल्लत अशी होते की माणूस चिडलेला असतो आणि त्याला अन्यायाबद्दल बोलायचं असतं. म्हणून पहिला मार्ग उघडा असताना तो दुसऱ्या मार्गाची भाषा बोलतो. 'तुमच्या माणसाने आम्हाला असं सांगितलं होतं, त्याचं उत्तर द्या' असा मेल पाठवतो. कंपनी उत्तर देते की आपली तक्रार नोंदवली आहे, चौकशी करून कळवू. चौकशी दहा दिवस चालते. अकराव्या दिवशी उत्तर येतं की असं कोणतंही आश्वासन देण्यात आलेलं नाही. तक्रार म्हणजे रद्द करण्याची नोटीस नव्हे, हे तेव्हा कळतं.

म्हणून मुदत शिल्लक असेल तर संताप बाजूला ठेवायचा आणि फक्त माघार कळवायची. तोंडी आश्वासनांचा हिशेब नंतरही मांडता येतो. मुदत मात्र एकदाच मिळते.

ही मुदत येते कुठून

काही ठिकाणी ती कायद्यानेच दिलेली असते. युरोपियन युनियनच्या २००८ सालच्या टाइमशेअर निर्देशानुसार टाइमशेअर, म्हणजे सुट्टीची एखादी जागा दरवर्षी ठरावीक दिवस वापरण्याचा विकत घेतलेला हक्क, आणि दीर्घ मुदतीची हॉलिडे मेंबरशिप यांसाठी १४ दिवस मिळतात. त्या काळात ग्राहकाकडून एक पैसाही आगाऊ घ्यायला बंदी आहे, आणि माघार घेतल्यावर ग्राहकाला कोणताही खर्च सोसावा लागत नाही. माघारीचा छापील नमुना ग्राहकाला दिलाच नसेल, तर हे १४ दिवस एक वर्षाने लांबतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. फ्लोरिडात टाइमशेअरसाठी १० दिवस आहेत, आणि ते सहीच्या दिवसापासून किंवा शेवटचा आवश्यक कागद हातात पडल्यापासून, जे नंतरचं असेल त्या दिवसापासून मोजतात.

भारतात हॉलिडे क्लबसाठी असा वेगळा कायदा नाही. इथे मुदत मिळते ती करारात लिहिलेली असते म्हणून. त्यामुळे भारतात झालेल्या करारात ते कलम शोधणं हेच पहिलं काम. किती दिवस, कधीपासून, कुठे कळवायचं आणि किती पैसे परत मिळणार, या चारही गोष्टी त्याच कलमात किंवा त्याच्या आसपास असतात. सहीच्या वेळी विक्रेता तोंडी जे सांगतो त्याच्याशी हे कलम जुळेलच असं नाही.

माझ्या बहिणीला विक्रेत्याने सांगितलं होतं, "मॅडम, घरी वेलकम किट येईल, ते आल्यापासून दहा दिवस तुमचे." कलमात लिहिलं होतं की अर्जावरील सहीच्या तारखेपासून दहा दिवस. किट आलं होतं गुरुवारी, म्हणजे पाच दिवस आधीच गेलेले. तिने विक्रेत्याचा शब्द धरला असता तर ती १८ तारखेपर्यंत निर्धास्त राहिली असती.

दिवस मोजताना नेहमी स्वतःला कमी दिवस मिळतील असं मोजा. सही ३ तारखेची. साधारण रीत अशी की 'तारखेपासून' म्हटलं की तो पहिला दिवस धरत नाहीत, म्हणजे मुदत १३ तारखेला, मंगळवारी संपते. पण कंपनी सहीचा दिवस धरून मोजेल तर शेवटचा दिवस सोमवार, १२ तारीख. 'दिवस' म्हणजे कामाचे दिवस असं कुठे लिहिलेलं नसेल तर शनिवार-रविवारही त्यातच मोजायचे. आणखी एक बारकावा आहे. नोटीस मुदतीत 'पाठवली' पाहिजे की कंपनीला 'मिळाली' पाहिजे? युरोपच्या नियमात पाठवली तरी पुरतं. करारावर चालणाऱ्या ठिकाणी बहुतेक वेळा 'मिळाली पाहिजे' असा शब्द असतो. तसं असेल तर पोस्टाला लागणारे दिवसही मुदतीतूनच वजा होतात. आम्ही ठरवलं की सोमवारी दुपारपर्यंत कागद त्यांच्या टेबलावर पडलेला असला पाहिजे. म्हणजे शुक्रवारी सकाळी तो पोस्टात गेला पाहिजे.

नोटीस कशी असावी

लहान. खरोखर लहान. बहिणीने आधी स्वतः लिहिलेलं पत्र अडीच पानांचं होतं. त्यात त्या संध्याकाळचं सगळं होतं. बक्षीस लागल्याचा फोन, दीड तास म्हणून बोलावून साडेचार तास बसवणं, मुलगा झोपेला आलेला, एका टेबलावर कोणी सही केली की हॉलभर टाळ्या. वाचून मलाही वाईट वाटलं. पण मी तिला ते पत्र बाजूला ठेवायला सांगितलं, फाडायला नाही. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

कारण लिहिलं की कारणावर चर्चा सुरू होते. 'सुट्टीच्या दिवसांत बुकिंग मिळत नाही असं कळलं' असं लिहिलंत, तर पलीकडून फोन येईल की आम्ही तुम्हाला सुट्टीच्या दिवसांचं बुकिंग मिळवून देतो. 'पैसे जास्त होतात' लिहिलंत, तर हप्ते वाढवून देतील. कारणच नसेल तर सोडवायला काही उरत नाही. आम्ही पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

"विषय: कूलिंग-ऑफ मुदतीत मेंबरशिप रद्द केल्याची सूचना. अर्ज क्रमांक अमुक.

आम्ही दोघे, खाली सही करणारे अर्जदार, ३ तारखेला सही केलेला वरील मेंबरशिपचा करार, करारातील कलम अमुक नुसार, आज ८ तारखेला रद्द करत आहोत. आम्ही भरलेली संपूर्ण रक्कम, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. यापुढे आमच्या कार्डावरून किंवा खात्यातून कोणतीही रक्कम घेऊ नये. त्यासाठी दिलेली परवानगी आम्ही मागे घेत आहोत. मेंबरशिपचा कोणताही लाभ किंवा भेट म्हणून दिलेले व्हाउचर आम्ही वापरलेले नाही. व्हाउचर सोबत परत पाठवत आहोत. ही सूचना मिळाल्याची पोच लेखी द्यावी."

बस. यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. 'रद्द करत आहोत' असं लिहिलंय, 'रद्द करावी ही विनंती' असं नाही. विनंती मान्य किंवा अमान्य होऊ शकते. तुम्ही तर हक्क वापरताय. 'आम्ही दोघे' यासाठी की अर्जावर नवरा-बायको दोघांच्या सह्या होत्या. एकाच्याच सहीची नोटीस गेली तर 'सहअर्जदाराची संमती नाही' म्हणून ती परत पाठवायला निमित्त मिळतं. व्हाउचरचा उल्लेख यासाठी की बऱ्याच करारांत एक ओळ असते, की लाभ वापरला तर माघारीचा हक्क संपतो. सही झाल्यावर विक्रेते जी मोफत दोन-तीन रात्रींची भेट देतात, ती मुदतीत वापरू नका, तिचं बुकिंगसुद्धा करू नका. ऑनलाइन खातं उघडून पॉइंट्स वापरून बघणंही टाळा.

आणि भाषा? करार ज्या भाषेत आहे त्याच भाषेत नोटीस द्या. आमचा करार इंग्रजीत होता, म्हणून हाच मजकूर इंग्रजीत पाठवला.

कुठे आणि कशी पाठवायची

विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर 'आम्हाला कॅन्सल करायचंय' असं लिहिणं म्हणजे कंपनीला नोटीस देणं नव्हे. तो माणूस 'हो मॅडम, मी आत टाकतो' म्हणतो, आणि पुढे तो नोकरी सोडून गेलेला असतो. करारात 'नोटिसेस' किंवा 'कम्युनिकेशन' नावाचं वेगळं कलम असतं. त्यात दिलेला टपालाचा पत्ता आणि ईमेल हाच खरा पत्ता. जिथे प्रेझेंटेशन झालं तो हॉटेलचा हॉल किंवा तिथलं शाखा कार्यालय हा नव्हे.

आम्ही तीन वाटांनी पाठवली. गुरुवारी रात्रीच सही केलेल्या पत्राचा फोटो नव्हे, स्कॅन करून पीडीएफ ईमेलने, तेही अर्जावर दिलेल्या ईमेल खात्यावरूनच. दुसऱ्या खात्यावरून पाठवलं तर 'हा मेंबर आहे हे आम्हाला कसं कळणार' असं म्हणता येतं. शुक्रवारी सकाळी मूळ पत्र स्पीड पोस्टाने, पावती जपून. आणि त्यांच्या वेबसाइटवरच्या ग्राहक विभागात तोच मजकूर टाकून तक्रार क्रमांक घेतला, त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढला. ईमेल पाठवल्यावर दहा मिनिटांनी पाहा, की तो पत्ता चुकल्यामुळे परत तर आला नाही ना. आमच्या बाबतीत करारातल्या दोन ईमेल पत्त्यांपैकी एक बंद निघाला. दुसऱ्यावरून आपोआप येणारं उत्तर आलं, ते जपून ठेवलं.

करारात रद्द करण्यासाठी ठरावीक फॉर्म जोडलेला असेल तर तोही भरून सोबत द्या. पण फॉर्म मागवावा लागणार असेल तर त्याची वाट बघू नका. आधी स्वतःची नोटीस पाठवा. नंतर कंपनीकडून आलेल्या फॉर्मवर सही करण्याआधी खालचा बारीक मजकूर वाचा. त्यात 'प्रशासकीय खर्च वजा करण्यास माझी हरकत नाही' असं वाक्य असू शकतं. मूळ कलमात मुदतीत पूर्ण परतावा लिहिलेला असेल, तर हे वाक्य खोडून त्याशेजारी सही करा.

मग फोन येतात

शनिवारी, १० तारखेला सकाळी फोन आला. आवाज अतिशय आदबशीर. "मॅडम, तुमचा मेल वाचून मला व्यक्तिशः वाईट वाटलं. मी सीनियर मॅनेजर बोलतोय. ज्याने तुम्हाला चुकीचं सांगितलं त्याच्यावर आम्ही कारवाई करतोय. तुम्ही फक्त ही रिक्वेस्ट सोमवारपर्यंत होल्डवर ठेवा, मी तुम्हाला पाच वर्षांचं वार्षिक शुल्क माफ करून देतो."

हा फोन सगळ्यांना येतो, आणि बहुतेक माणसं इथेच घसरतात. कारण आपल्याला वाटतं, इतका चांगला बोलतोय, ऐकून तर घेऊ. पण 'होल्ड' या शब्दाचा अर्थ असा की तुम्ही नोटीस मागे घेतली. पाच वर्षांच्या शुल्कमाफीचं हे वचनही पहिल्या वचनांसारखंच तोंडी. दुसरा नमुना असा की 'रद्द करण्याऐवजी छोट्या प्लॅनवर या, निम्मे पैसे परत'. छोट्या प्लॅनच्या कागदावर सही केली की तो नवा करार होतो, आणि त्यात माघारीची मुदत नव्याने मिळेलच असं नाही.

बहिणीने फोनवर एवढंच म्हटलं, "आमची सूचना लेखी दिली आहे, ती कायम आहे. काही सांगायचं असेल तर त्याच ईमेलवर लिहा." मग पाच मिनिटांत तिने त्याच मेलच्या साखळीत एक ओळ टाकली: आज सकाळी अमुक वाजता फोन आला, आम्ही कोणताही बदल मान्य केलेला नाही, रद्द केल्याची सूचना कायम आहे. फोनवर काय झालं हे कंपनीच्या रेकॉर्डिंगवर सोडू नका, स्वतःच्या मेलमध्ये उतरवा. नंतर आणखी चार फोन आले. तिने ते उचललेच नाहीत.

कर्ज आणि हप्ते ही वेगळी गाठ

इथे जरा थांबून सांगावं लागेल, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. बहिणीने एकूण रकमेचा दहावा भाग कार्डाने भरला होता आणि उरलेल्यासाठी त्याच टेबलावर दुसऱ्या एका कागदावर सही केली होती. तिला वाटलं, तेही क्लबचेच हप्ते. प्रत्यक्षात तो एका वित्तसंस्थेचा कर्जाचा करार होता. म्हणजे क्लबला पूर्ण पैसे मिळणार होते वित्तसंस्थेकडून, आणि हिचं देणं लागणार होतं वित्तसंस्थेला.

युरोपच्या नियमात मूळ करारातून माघार घेतली की त्याला जोडलेलं कर्जही आपोआप रद्द होतं. सगळीकडे तसं नसतं. म्हणून क्लबला जाणाऱ्या नोटिशीची प्रत जोडून वित्तसंस्थेला त्याच दिवशी वेगळं पत्र द्यायचं: ज्या मेंबरशिपसाठी हे कर्ज मंजूर झालं ती मुदतीत रद्द केली आहे, रक्कम क्लबला अजून दिली नसल्यास देऊ नये, दिली असल्यास परत घेऊन कर्ज खातं बंद करावं. कार्डावर हप्ते केले असतील तर हेच पत्र बँकेला.

काही जण सल्ला देतात की बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करून टाका, आपोआप सुटका होईल. ते खरं नाही. ऑटो-डेबिट बंद केल्याने पैसे जायचे थांबतात, करार संपत नाही. नोटीस न देता नुसते हप्ते थांबवले तर मेंबरशिप चालूच राहते, दंड चढतो, आणि कर्ज असेल तर हप्ता चुकल्याची नोंद तुमच्या क्रेडिट इतिहासात जाते. नोटीस दिल्यानंतर परवानगी काढून घेणं ठीक. कर्जाचा हप्ता मात्र वित्तसंस्थेचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबवू नका, फारच अडचण नसेल तर एक हप्ता जाऊ द्या आणि तो परत मागा. कार्डाच्या व्यवहारावर हरकत घ्यायची असेल तर तीही नोटिशीनंतर, तिची प्रत जोडून घ्या. तेव्हा बँकेपुढे भांडण उरत नाही. रद्द केलेल्या सेवेचे पैसे परत आले नाहीत, एवढी साधी गोष्ट असते.

मग त्या तोंडी वचनांचं काय

बाजूला ठेवलेलं अडीच पानांचं पत्र आता काढा. ते कंपनीला पाठवायचं नाही, पण जसंच्या तसं तारीख घालून जपायचं, आणि आठवण ताजी असताना त्यात भर घालायची. कोणत्या टेबलावर कोण बसलं होतं, कोणत्या वाक्याने सही करायला भाग पाडलं, 'हा दर फक्त आज' असं कोणी म्हटलं. विक्रेत्याने आकडे लिहून दाखवलेला कागद बहुतेक वेळा तो स्वतःकडे परत घेतो. तुमच्याकडे राहिला असेल तर तो सोन्यासारखा जपा. आमंत्रणाचा मेसेज, बक्षिसाचा फोन ज्या नंबरवरून आला तो नंबर, नंतरच्या व्हॉट्सॲप गप्पा, सगळं एका ठिकाणी ठेवा.

हे लागतं कशाला? कंपनीने मुदतीतली नोटीस नाकारली तर, किंवा तुम्हाला मुळात उशिरा कळलं तर दुसऱ्या मार्गाने जावं लागतं, तेव्हा. करारात बहुधा एक ओळ असते की या करारात लिहिलेलं तेवढंच खरं, तोंडी काहीही सांगितलेलं कंपनीवर बंधनकारक नाही. शिवाय शेवटच्या टेबलावर एक हसतमुख माणूस एक घोषणापत्र पुढे करतो. त्यात प्रश्नांपुढे रकाने असतात, आणि एक प्रश्न असतो: 'आपल्याला करारात नसलेलं कोणतंही आश्वासन देण्यात आलं आहे का?' साडेचार तासांनी, झोपेला आलेलं मूल मांडीवर घेऊन माणूस 'नाही'वर खूण करून सही करतो. बहिणीनेही केली होती. तो कागद तिला कसलाच पुरावा देत नव्हता, कंपनीला मात्र कायमचा देत होता. म्हणूनच मी सांगतो की कारण सांगण्याच्या मार्गाला लागू नका. तिथे त्यांची तयारी तुमच्यापेक्षा जास्त असते.

तरी ती ओळ म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात खोटं विधान तोंडी केलेलं असो वा लेखी, दोन्ही धरलेलं आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीने मिळवलेली संमती असेल तर तो करार त्या व्यक्तीला रद्द करता येतो. मुदत निघून गेलेल्यांनी इथून सुरुवात करायची: आधी लेखी तक्रार, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, मग जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाकडे तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांचा अवधी असतो. पण दहा दिवसांत एका पानाने जे होतं, त्यासाठी इथे वर्ष-दोन वर्षं जाऊ शकतात.

पैसे परत येईपर्यंत

सोमवारी, १२ तारखेला पोस्टाच्या वेबसाइटवर 'डिलिव्हर्ड' दिसलं. तिने त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला. काही महिन्यांनी ही नोंद ऑनलाइन सापडेलच असं नाही. मग आठ दिवस शांतता. २१ तारखेला उत्तर आलं की रद्द करण्याची विनंती स्वीकारली आहे, प्रक्रिया शुल्क वजा करून उरलेली रक्कम तीस दिवसांत मिळेल.

प्रक्रिया शुल्काचा कलमात कुठेही उल्लेख नव्हता. तिने ते कलम जसंच्या तसं उतरवून उत्तर दिलं, की यानुसार पूर्ण रक्कम अपेक्षित आहे, वजावटीला संमती नाही. करारात वजावट स्पष्ट लिहिलेली असेल तर मात्र ती रक्कम बहुधा जाते. तेव्हा ती लिहिल्यापेक्षा जास्त कापली नाही ना, एवढं तपासायचं. परतावा वेळेत आला नाही तर पुढचं पत्र मुद्द्याचं असावं: नोटिशीची तारीख, मिळाल्याची तारीख, कलमातली परताव्याची मुदत, आणि इतक्या दिवसांत रक्कम न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाऊ.

याच काळात बहिणीला एक अनोळखी फोन आला. क्लबचे अडकलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा. तिने कुणाकडेही चौकशी केली नव्हती, तरी त्याला मेंबरशिपची रक्कम माहीत होती. असे फोन मेंबरशिप घेतलेल्यांना नेहमी येतात. स्वतः नोटीस दिलेल्या माणसाला मध्यस्थाची गरज नसते, आणि आधी फी मागणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नका.

पैसे पुढच्या महिन्याच्या १९ तारखेला आले, पूर्ण. कर्जाचा एक हप्ता मध्ये कापला गेला होता, तो वित्तसंस्थेने वेगळा परत केला. त्यानंतरही आम्ही दोन कागद मागून घेतले. क्लबकडून, की अमुक क्रमांकाची मेंबरशिप बंद आहे आणि काही देणं नाही. आणि वित्तसंस्थेकडून, की कर्ज खातं बंद झालं. दुसरा कागद मिळायला तीन मेल लागले. दोन महिन्यांनी तिने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून पाहिला, तर ते खातं अजून चालू दिसत होतं. तो कागद जोडून दुरुस्तीचा अर्ज केला, तेव्हा कुठे ती नोंद 'बंद' अशी बदलली.